पट्टा थांबल्यानंतर

गंभीर अपघाताची बातमी प्लँट प्रमुखाला बहुतेक वेळा झोपेतून उठवून फोनवर सांगितली जाते. फोन करणारा धापा टाकत असतो. "माणूस पट्ट्यात अडकलाय", "हात गेला", "बहुतेक दोघे आहेत" असे काहीतरी तो सांगतो, आणि त्यातले काय खरे ठरेल हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. त्या क्षणापासून चौकशी संपेपर्यंतची वाट कशी असते, ती मी इथे एकाच अपघाताच्या आधाराने सांगतो. जागा आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतके तपशील बाजूला ठेवले आहेत. घडले कसे ते मात्र तसेच ठेवले आहे.

चुनखडी वाहून नेणारा सुमारे 180 मीटर लांबीचा कन्व्हेयर बेल्ट. शेपटाच्या टोकाला, म्हणजे टेल पुलीपाशी, सांडलेला माल साचतो. तो फावड्याने ओढून काढणे हे ठेकेदाराच्या मदतनीसाचे काम. रात्रपाळीत, 2 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास, त्याचा उजवा हात पट्टा आणि पुली यांच्या मध्ये ओढला गेला आणि पाठोपाठ खांदा. शेजारच्या माणसाने पट्ट्यालगतची तातडीने थांबवायची दोरी, म्हणजे पुल कॉर्ड, ओढली आणि पट्टा थांबला.

पट्टा सेकंदाला दीड मीटर धावतो. माणसाला "हात ओढला जातोय" हे कळून स्नायू हलायला अर्धा सेकंद धरला, तरी तेवढ्यात पाऊण मीटर पट्टा आत गेलेला असतो, म्हणजे जवळपास अख्खा हात. त्यामुळे "त्याने हात का नाही मागे घेतला" हा प्रश्न पहिल्या तासात कोणीतरी विचारतोच, पण त्याला अर्थ नसतो.

पहिली वीस मिनिटे

पट्टा थांबला आणि पट्टा सुरक्षित झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडकलेल्या माणसाच्या किंकाळ्या ऐकू येत असताना हा फरक पाळणे फार जड जाते. पुल कॉर्डने मोटरला मिळणारी आज्ञा तुटते, वीज तुटत नाही. कोणी कॉर्डचा स्विच रीसेट केला आणि कंट्रोल रूममधून स्टार्ट दिला, की पट्टा पुन्हा धावतो. म्हणून सोडवायला हात घालण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनने पॅनेलवर जाऊन वीजच तोडणारा स्विच, म्हणजे आयसोलेटर, पाडायचा, त्यावर कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. इथे ते काम चार मिनिटांत झाले. त्या चार मिनिटांत दोघांनी पट्टा हाताने उलटा फिरवायचा प्रयत्न केला होता. शिफ्ट इंचार्जने त्यांना ओरडून मागे घेतले, आणि ते बरोबर होते.

उलटा फिरवल्याने अडकलेला अवयव मोकळा होईलच असे नसते, उलट तो आणखी फाटतो. शिवाय पट्ट्याला ताण देणारे वजन वर लटकत असते. वीज बंद झाली तरी त्या वजनाची ओढ पट्ट्यात शिल्लक राहते, आणि पट्टा कापला किंवा सैल केला की तो झटक्याने सरकू शकतो. म्हणून आधी वजनाला साखळीने आधार द्यायचा, पट्टा दोन्ही बाजूंना क्लँपने धरायचा, आणि मग टेल पुलीचे टाइट करणारे स्क्रू सैल करायचे. कापायची वेळ आली तर त्यानंतरच. इथे स्क्रू सैल करून माणूस 2 वाजून 58 मिनिटांनी मोकळा झाला. दंडातून रक्त उसळत होते. जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टी बांधून ती रक्त थांबेपर्यंत आवळली, आणि बांधल्याची वेळ पट्टीवरच पेनाने लिहिली. ही वेळ पुढे सर्जनला लागते. माणूस तासाहून अधिक काळ चेपलेला असेल, तर मोकळा करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे जरूर आहे, कारण दाब सुटल्यावर चेपलेल्या स्नायूंतले घातक द्रव्य रक्तात उतरते आणि हृदय बंद पडू शकते. इथे अठराच मिनिटे झाली होती.

या सगळ्यात नेतृत्व म्हणजे नेमके काय? माझ्या मते पहिल्या वीस मिनिटांत दोनच गोष्टी. एक, घटनेची सूत्रे ज्याच्या हातात आहेत त्याने स्वतः पान्हा हातात घेऊ नये. पुलीखाली वाकलेल्या माणसाला मागचे काही दिसत नाही. रुग्णवाहिका गेटवर रस्ता चुकली, दुसरा एखादा माणूस सापडत नाही, शेजारचा पट्टा अजून चालू आहे, हे त्याला कळणारच नाही. शिफ्ट इंचार्जने दहा पावले मागे, सगळे दिसेल अशा जागी उभे राहायचे आणि "इथले निर्णय मी घेतोय" असे मोठ्याने सांगायचे. अनुभवी फिटरमधून इंचार्ज झालेल्याला हे सगळ्यात कठीण जाते, कारण त्याचे हात शिवशिवत असतात.

दुसरी गोष्ट, एका माणसाला वही आणि घड्याळ देऊन उभे करणे. त्याने फक्त लिहायचे: कोण आले, काय केले, किती वाजता. वाटते त्यापेक्षा हे काम फार मोठे आहे. चार तासांनी घरचे विचारतील, चार दिवसांनी निरीक्षक विचारतील, चार आठवड्यांनी चौकशी समिती विचारेल, आणि प्रत्येक वेळी त्या वहीइतके भरवशाचे दुसरे काही नसेल. वहीच्या पहिल्या ओळीत हे घड्याळ मोबाइल नेटवर्कच्या वेळेशी जुळवले आहे की नाही ते लिहायचे. हे किती मोलाचे ठरले ते पुढे येईलच.

मोजणी मात्र विसरू नये. त्या भागात त्या वेळी किती माणसे होती, त्यातली किती समोर उभी आहेत? ठेकेदाराची माणसे हजेरीत एका ठिकाणी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी असतात. सगळ्यांचे लक्ष एका जखमीवर असताना दुसरा कुठेतरी बेशुद्ध पडलेला असू शकतो.

रुग्णवाहिका गेल्यावर

रुग्णवाहिका गेली की एक विचित्र शांतता येते. काम संपले असे वाटते आणि माणसे आपोआप आवराआवर करायला लागतात. कोणी रक्तावर पाणी मारतो, कोणी फावडे उचलून भिंतीला टेकवतो. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण पुरावा असाच जातो. सुटकेसाठी जे हलवावे लागले ते हलले, त्यापुढे काहीही हलवायचे नाही. दोरी बांधून भाग बंद करायचा आणि एक माणूस पहाऱ्याला ठेवायचा. पोलिस आणि सरकारी निरीक्षक येऊन मोकळीक देईपर्यंत तसेच राहू द्यायचे. फोटो आधी लांबून, मग जवळून. प्रत्येक पुल कॉर्ड स्विचचा निशाण वर आहे की खाली, आयसोलेटर, कुलूप, दिवे, जाळी, हे सगळे टिपायचे. जळालेला दिवा दुसऱ्या दिवशी कोणीतरी कर्तव्यबुद्धीने बदलतो आणि मग अंधार होता हे सिद्धच करता येत नाही.

कॅमेऱ्याचे चित्रण आणि कंट्रोल सिस्टिमचा लॉग त्याच सकाळी वेगळा काढून ठेवावा लागतो. जागा भरली की दोन्ही जुन्यावर नवे लिहीत जातात. आठवड्याने मागायला गेले की त्या रात्रीचे काही उरलेले नसते.

साक्षीदारांना एका खोलीत बसवून चहा देणे ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. अर्ध्या तासात पाच जणांच्या पाच आठवणींची एक आठवण होते, आणि जो सगळ्यात ठामपणे बोलतो त्याची आठवण सगळ्यांची ठरते. त्यांना वेगवेगळे बसवायचे, पण एकटे नाही. प्रत्येकाजवळ त्याच्या ओळखीचा, त्या जागी नसलेला एक माणूस द्यायचा. पहिले निवेदन छोटे ठेवायचे: तुम्ही कुठे होतात, काय पाहिले, काय ऐकले, काय केले. "का" हा शब्द त्या रात्री वापरायचा नाही, कारण "का" कानावर पडताच माणूस बचाव मांडायला लागतो.

आणि एक माणूस असतो, ज्याच्याकडे सगळे चोरून बघत असतात. इथे तो अपघाताच्या जरा आधी पुल कॉर्डचा स्विच रीसेट करणारा दुसरा मदतनीस होता. अपघात त्याच्या हातून झाला असे त्याला पक्के वाटत होते आणि तो एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला समजावायला जाऊ नये, "तुझी चूक नाही" असेही त्या रात्री म्हणू नये, कारण ते कोणालाच माहीत नसते आणि त्यालाही ते कळते. त्याच्याजवळ बसायचे, त्याला पाणी आणि कोरडे कपडे द्यायचे, घरी कोण आहे ते विचारायचे, घरी सोडायला माणूस पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोण फोन करेल त्याचे नाव सांगायचे. सगळ्या पाळीला गोळा करून घटना पुन्हा बोलून दाखवायला लावण्याची एक पद्धत पूर्वी फार चालायची. तिने नंतरचा मानसिक त्रास टळत नाही असे अभ्यासांत दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असे सांगितले. ज्याला बोलायचे त्याला बोलू द्यावे, ज्याला नाही त्याला गप्प राहू द्यावे. झोप उडणे किंवा तेच दृश्य पुन्हा दिसणे महिन्याभरानेही कमी झाले नाही, तर तज्ज्ञाकडे न्यावे.

घरचा फोन

ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये "आपत्कालीन संपर्क" या रकान्यात ठेकेदाराचाच नंबर होता. हे अपवादाने घडत नाही. घरचा खरा नंबर सापडायला पंचवीस मिनिटे गेली, तोही खोलीवरच्या सोबत्याकडून मिळाला. दर सहा महिन्यांनी त्या रकान्यातल्या नंबरांवर खरोखर फोन करून पाहणे हे सुरक्षेचेच काम आहे, ऑफिसचे नव्हे.

तोवर मोबाइलवरून मेसेज सुटलेले असतात. मेसेज बंदीचा हुकूम कोणी पाळत नाही. इंचार्जने पाळीसमोर उभे राहून "त्याच्या बायकोला हे फोटोतून कळायला नको, आपल्याकडून कळू दे, मला एक तास द्या" असे सांगितले, तेव्हा मात्र लोकांनी ऐकले.

आता प्रश्न फोन करायचा की घरी जायचे. माझे मत स्पष्ट आहे. माणूस जिवंत असेल तर लगेच फोन, कारण प्रत्येक मिनिट त्यांच्या भेटीतून वजा होते. मृत्यू झाला असेल तर दोघांनी प्रत्यक्ष जायचे, अंतर कितीही असले तरी. फारच लांब असेल तर तिथल्या जवळच्या, विश्वासाच्या माणसाला आधी घरी पोचवून मग बोलायचे. फोनवर "किरकोळ लागलंय, या जरा" असे सांगणे हा सगळ्यात वाईट मार्ग. सांगणाऱ्याला वाटते आपण धक्का हलका केला. पुढे वर्षानुवर्षे त्या घरात "आम्हाला खोटं सांगितलं" एवढेच उरते, आणि त्यानंतर कंपनीने सांगितलेले कोणतेच वाक्य खरे मानले जात नाही.

त्या रात्री 3 वाजून 25 मिनिटांनी झालेला फोन साधारण असा होता. "ताई, मी प्लँटमधून बोलतोय, मी रात्रपाळीचा प्रमुख. तुमच्याजवळ आत्ता कोण आहे? त्यांना जवळ बोलवा. तुमच्या मिस्टरांना मशीनवर अपघात झालाय. हाताला आणि छातीला फार गंभीर दुखापत आहे. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलंय, आमचा माणूस त्यांच्यासोबत आहे. तुमच्याकडे गाडी निघाली आहे, वीस मिनिटांत पोचेल. मी फोन ठेवत नाही, तुम्ही विचारा." मग गप्प. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. पलीकडून काहीच येत नसले की बोलत राहण्याचा मोह होतो आणि त्या भरात "काळजी करू नका" निघून जाते. तिने विचारले, "जिवंत आहेत ना?" उत्तर होते, "रुग्णवाहिकेत बसवलं तेव्हा श्वास चालू होता, बोलत होते. आत्ताचं मला माहीत नाही. कळलं की लगेच सांगतो." जे माहीत आहे ते, आणि त्याची वेळ. जे माहीत नाही ते "माहीत नाही". गाडी आपण पाठवायची, घरच्यांना स्वतः चालवत येऊ द्यायचे नाही.

पहाटे 5 वाजून 50 मिनिटांनी तो गेला. मृत्यूची बातमी डॉक्टरांनीच द्यायची, कंपनीच्या माणसाने नाही. पण त्याने त्या वेळी शेजारी असायला हवे, आणि डॉक्टर घाईत असतील तर दोन गोष्टी त्यांच्याकडे मागायला हव्यात: बसायला बंद खोली आणि स्पष्ट शब्द. "गेले", "आता नाहीत" हे आपल्या भाषेतले मऊ शब्द हॉस्पिटलच्या गोंधळात घात करतात. "गेले" ऐकून "कुठल्या वॉर्डात नेलं?" असे विचारणारी माणसे असतात. "त्यांचा मृत्यू झाला" असे एकदा तरी म्हणावेच लागते.

त्यानंतर कंपनीकडून घरच्यांशी बोलणारा माणूस एकच असावा आणि तो महिनोन्महिने तोच राहावा. रोज वेगळा अधिकारी आला की घरच्यांना तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. या माणसाजवळ एक वही हवी. घरच्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहायचा आणि पुढे उत्तर कधी मिळेल ती तारीख. तारखेला उत्तर नसेल तरी फोन करायचा आणि अजून नाही असे सांगायचे. इथे पहिल्याच दिवशीचा प्रश्न होता, "त्यांना किती वेळ कळत होतं?" असे प्रश्न टाळले जातात, पण घरच्यांना झोप लागू देत नाहीत ते हेच प्रश्न.

कायदा सल्लागार बहुधा सांगतात, काही बोलू नका. कारणांबद्दल, जबाबदारीबद्दल चौकशीआधी न बोलणे योग्यच आहे, आणि "त्याने नियम पाळला असता तर" हे वाक्य तर कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. पण "आमच्या कामाच्या जागी तुमचा माणूस गेला, आम्हाला याचं फार वाईट वाटतं" हे म्हणायला कोणाची परवानगी लागू नये. पैसे आणि नोकरी यांबद्दल मात्र अधिकार नसताना एक शब्दही बोलू नये. दुःखाच्या पहिल्या दिवसांत दिलेले मोघम आश्वासन घरचे अक्षरशः लक्षात ठेवतात, आणि ठेवायलाच हवे. अंत्यसंस्काराचा आणि येण्याजाण्याचा खर्च लगेच, कोणत्याही कागदावर सही न घेता द्यायचा. त्या आठवड्यात सहीचा कागद पुढे केला की पुढचे सगळे बोलणे वकिलांमार्फत होते.

लॉकरमधला त्याचा मोबाइल सकाळभर वाजत होता, पडद्यावर "आई" असे येत होते. तो फोन कोणीही उचलायचा नसतो. पण वाजतो आहे ही खबर घरी गेलेल्या माणसाला ताबडतोब द्यायची असते, कारण त्याचा अर्थ एकच: आईला अजून कोणी सांगितलेले नाही. इथे ती दुसऱ्या गावी होती आणि यादीत तिचे नावच नव्हते.

तीन घड्याळे

चौकशी तिसऱ्या दिवशी सुरू झाली, आणि सुरू होण्याआधीच निकाल तयार होता. कंट्रोल सिस्टिमच्या लॉगमध्ये पट्टा सुरू करण्याची आज्ञा 2:39:10 ला दिसत होती. कॅमेऱ्यात मदतनीस टेल पुलीखाली वाकताना 2:43:40 ला दिसत होता. धुळीमुळे आणि बाजूच्या पत्र्यामुळे पट्टा स्वतः चित्रणात दिसत नव्हता. म्हणजे पट्टा सुरू होऊन साडेचार मिनिटे झाल्यावर हा माणूस चालत्या पट्ट्याखाली हात घालायला गेला. बेपर्वाई, दुसरे काय?

पण वहीत लिहिले होते की कुलूप 2:44 ला लागले, आणि वहीचे घड्याळ मोबाइलशी जुळवलेले होते. मोटरला कुलूप लागल्याच्या वेळी माणूस नुकता वाकत होता, हे जमेना. तेव्हा कोणीतरी तिन्ही घड्याळे शेजारी ठेवून पाहिली. कॅमेऱ्याचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. कंट्रोल सिस्टिमचे एक मिनिट मागे होते. दुरुस्ती केल्यावर तो 2:39:40 ला वाकला होता आणि आज्ञा 2:40:10 ला दिली गेली होती. तो थांबलेल्या पट्ट्याखाली गेला, आणि अर्ध्या मिनिटाने पट्टा सुरू झाला.

ही जुळवणी साक्षी घेण्याआधी, पहिल्याच दिवशी करायला हवी. प्रत्येक यंत्रणेची वेळ मोबाइलच्या वेळेसोबत एकाच फोटोत टिपायची, बस. नाहीतर चुकीची वेळरेषा साक्षीदारांसमोर ठेवली जाते आणि तेही "हो, तसंच असेल" म्हणायला लागतात.

आता प्रश्न बदलला. थांबलेला पट्टा सुरू का झाला? साफसफाईसाठी मदतनीसाने पुल कॉर्ड ओढली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ती नेहमीसारखी ट्रिप म्हणून दिसली. धक्क्याने, दगड आपटून ही कॉर्ड रात्रीत चारपाच वेळा आपोआप सुटायची, त्यामुळे ऑपरेटरने नेहमीप्रमाणे दुसऱ्या मदतनीसाला रीसेट करायला पाठवले. तो स्विच टेल पुलीपासून वीसेक मीटरवर, आणि मधला दिवा जळालेला. त्याने निशाण खाली केला, वॉकीटॉकीवर "ओके" म्हटले. सुरू होण्याआधीचा भोंगा वाजला, पण तो पट्ट्याच्या डोक्याच्या टोकाला होता. चौकशीत एक माणूस कानात प्लग घालून टेल पुलीपाशी उभा केला आणि भोंगा वाजवला. त्याला ऐकू आला नाही. लिखित अहवालात "भोंगा कार्यरत होता" असे आधीच लिहून झाले होते.

कुलूप का लावले नाही? नियम तर होता, प्रशिक्षणाच्या सह्याही होत्या. इथे चौकशी समितीने चांगले काम केले: नियम पाळून दाखवला. टेल पुलीपासून इलेक्ट्रिकल खोलीपर्यंत चालत, इलेक्ट्रिशियन शोधून, परमिट भरून, कुलूप लावून, परत येऊन, आणि साफसफाईनंतर हेच उलट. एका वेळेला पंधरा मिनिटे. पाळीत सहा वेळा साफ करावे लागे. म्हणजे 480 मिनिटांच्या पाळीतली 90 मिनिटे पट्टा फक्त कुलपासाठी बंद. तेवढा वेळ बंद ठेवण्याची सोय उत्पादनाच्या आराखड्यात कोणी केलेलीच नव्हती. कोणत्याच पाळीत, कोणीच कुलूप लावत नव्हते, आणि सुपरवायझरना हे माहीत होते. ज्या रात्री काही घडले नाही त्या प्रत्येक रात्री कुलपाशिवाय साफसफाई हीच कामाची खरी रीत होती.

एका बाजूला माणूस पट्टा थांबला म्हणून निर्धास्त, दुसऱ्या बाजूला दुसरा माणूस पट्टा का थांबला हे माहीत नसताना तो सुरू करतोय. मोठ्या दुर्घटनांत ही फट पुन्हा पुन्हा दिसते. 6 जुलै 1988 च्या रात्री पायपर अल्फा या समुद्रातल्या तेल-वायू फलाटावर दुरुस्तीसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला पंप दुसऱ्या पाळीने सुरू केला. व्हॉल्व्ह काढल्याचा कागद होता, पण तो सुरू करणाऱ्यांपर्यंत पोचला नव्हता. 167 माणसे गेली.

दुरुस्त्या

पहिल्या बैठकीत आलेल्या सूचना नेहमीच्याच होत्या: सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण, फलक, नियम मोडणाऱ्याला दंड, आणि रीसेट करणाऱ्याचे निलंबन. यातल्या एकाही सूचनेने ती 90 मिनिटे कमी होत नव्हती. दंडाने एकच फरक पडला असता, लोकांनी साफसफाई सुपरवायझर नसताना केली असती.

समितीने उलट्या टोकापासून सुरुवात केली. माणसाला तिथे सहा वेळा का जावे लागते? माल पडतो तिथल्या च्यूटच्या बाजूचे रबर झिजले होते, म्हणून माल बाहेर सांडत होता, आणि परतीच्या पट्ट्यावर पडलेला माल थेट टेल पुलीत जात होता. रबर बदलले, टेल पुलीच्या आधी परतीच्या पट्ट्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा नांगर बसवला, तो माल बाजूला फेकतो. पुलीभोवती बोल्टने आवळलेली जाळी आली, हत्यारावाचून न निघणारी, आणि खालचा माल बाहेरूनच लांब दांड्याच्या फावड्याने ओढता येईल अशी फट ठेवली. जाळीमुळे साफसफाई अशक्य होत असेल तर पंधरा दिवसांत ती जाळी बाजूला पडलेली दिसते, म्हणून ही फट जाळीइतकीच महत्त्वाची. तिसरे, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर थेट टेल पुलीपाशी. पंधरा मिनिटांचे काम दोन मिनिटांवर आले. भोंगा दोन्ही टोकांना आला. आणि कॉर्ड सुटली की ती का सुटली हे टेल पुलीपर्यंत चालत जाऊन पाहिल्याशिवाय रीसेट नाही, असे ठरले. ही शेवटची दुरुस्ती सगळ्यात कच्ची आहे, कारण ती माणसाच्या आठवणीवर उभी आहे, आणि अहवालात ती तशीच कच्ची म्हणून नोंदवली.

तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता, न सांगता जाऊन पाहणे हाही चौकशीचाच भाग. बैठकीत "पूर्ण" लिहिलेल्या कामांपैकी एक टोकाचा भोंगा बसवलेला होता, वायर जोडलेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी जोडली.

रीसेट करणाऱ्या मदतनीसाला अहवाल छापण्याआधी बोलावून वाचून दाखवला गेला. त्यात त्याचे नाव नव्हते, तो काय पाहू शकला असता आणि काय नाही, हे मीटरमध्ये आणि दिव्याच्या फोटोसह होते. तो ऐकत राहिला, मग त्याने विचारले की जळालेल्या दिव्याचे पान त्याला मिळेल का.

घरच्यांनाही अहवाल बाहेर जाण्याआधी दाखवला. वाचून दाखवणारा तोच, घरच्यांशी बोलणारा वहीवाला माणूस होता. "किती वेळ कळत होतं" याचे उत्तर वेळांनिशी लिहिलेले होते: तो अठरा मिनिटे अडकला होता, शुद्धीवर होता, त्या सगळ्या वेळात एक सोबती त्याचा डावा हात धरून बसला होता, आणि त्याने दोनदा मुलीचे नाव घेतले. ते हळू, थांबून सांगितले गेले. शेवटी भावाने जागा बघायची इच्छा सांगितली.

त्याला नेण्याआधी पट्टा थांबवला. टेल पुलीपाशी नव्या आयसोलेटरवर इंचार्जने आपले कुलूप लावले, मग वहीवाल्याने आपले. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावायचे असा नियम आहे, म्हणून तिसरे कुलूप भावाच्या हातात दिले. त्याने ते अडकवले, ओढून पाहिले आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. तो जाळीसमोर उभा होता तेवढा वेळ कोणीही तो पट्टा सुरू करू शकत नव्हते.